ईमेलमधली ओळ कोण मोडतो: फोनवर विस्कटणाऱ्या तक्त्यांची पार्श्वभूमी

ईमेलमध्ये ओळ कुठे मोडायची हे सुरुवातीला पाठवणाराच ठरवत असे. आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डावर ८० रकाने होते, १९७८च्या व्हीटी१०० टर्मिनलवरही एका ओळीत ८० अक्षरं मावत, आणि ईमेलचा प्रघात त्याच मापावर बसला. आरएफसी ५३२२ हे मानक आजही सांगतं की ओळ ७८ अक्षरांपेक्षा लांब नसावी.

म्हणून ईमेलचे प्रोग्राम साधारण ७२ अक्षरं झाली की स्वतःच एंटर टाकत. सगळ्यांचे पडदे सारखेच रुंद होते तोवर यात काही बिघडलं नाही. फोनच्या पडद्यावर मात्र एका ओळीत चाळीसेक अक्षरं मावतात. त्यामुळे ७२ अक्षरांची ओळ आधी चाळीसवर मोडते, उरलेली बत्तीस खाली येतात आणि तिथे पाठवणाऱ्याचा एंटर पुन्हा मोडतो. एक ओळ भरलेली, पुढची अर्धवट, असं शेवटपर्यंत चालतं. जुन्या पद्धतीचा साधा मजकूर फोनवर ओळखायचा तो याच खुणेवरून. १९९९ मध्ये यावर `format=flowed` ही तोड निघाली. ओळीच्या शेवटी एक स्पेस असेल, तर तिथला एंटर पक्का नाही असं समजायचं. तोड चांगली होती, पण सगळ्या ॲपनी ती उचलली नाही.

ओळ मोडण्याचा अधिकार वाचणाऱ्याच्या पडद्याकडे खऱ्या अर्थाने गेला तो एचटीएमएलमुळे. १९९२च्या माइम मानकाने साध्या मजकुराखेरीज इतर प्रकारचा मजकूरही पाठवता येऊ लागला. पुढे त्यात एचटीएमएल आलं आणि परिच्छेद पडदा जेवढा रुंद तेवढा पसरू लागला. पण तक्त्यांच्या बाबतीत हा अधिकार पाठवणाऱ्यांनी सोडलाच नाही. ईमेलची रुंदी ६०० पिक्सेल धरायची रीत रूढ झाली आणि ती तक्त्यातच पक्की लिहिली जाऊ लागली.

त्यातच आउटलुक २००७ने ईमेल दाखवण्याचं काम इंटरनेट एक्सप्लोररकडून काढून वर्डच्या इंजिनाकडे दिलं. या इंजिनाला `max-width` आणि `float` हे मांडणीचे नियम कळत नव्हते. वेबसाइटनी तक्त्यांवरची मांडणी सोडली, पण ईमेलला तिथेच थांबावं लागलं. पडद्यानुसार बदलणाऱ्या मांडणीची कल्पना ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये मांडली. त्यासाठी लागणाऱ्या मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारे नियम, जीमेलने मान्य केले ते २०१६ मध्ये. माझ्या मते या सहा वर्षांनीच साध्या मांडणीची बाजू पक्की केली: जी गोष्ट ॲपने दुर्लक्षित केली तरी ईमेल वाचता येतो, तीच खरी टिकाऊ.

एक उदाहरण घेऊ. कामांचा तक्ता आहे: काम, जबाबदारी, सुरुवात, शेवट, शेरा. रुंदी ६०० पिक्सेल, अक्षरं १४ पिक्सेलची. फोनची रुंदी ३६० असेल, तर काही ॲप अख्खा ईमेल आकसून दाखवतात आणि अक्षरं ८.४ पिक्सेलची होतात. काही ॲप आकसत नाहीत. मग ‘शेरा’ उजवीकडे पडद्याबाहेर जातो आणि तिथे काही आहे हेच कळत नाही. रुंदी १०० टक्के केली तरी पाच रकान्यांना प्रत्येकी ७२ पिक्सेल येतात. दोन्ही बाजूंची ८ पिक्सेलची मोकळी जागा वजा केली की उरतात ५६, आणि त्यात ‘जबाबदारी’ हा शब्दसुद्धा जेमतेम बसतो.

यावर उपाय रकाने कमी करण्याचा:

```html
<table width="100%" cellpadding="8" cellspacing="0" border="1">
  <tr><td>मसुदा तपासणे</td><td>१२ जून</td></tr>
</table>
```

काम आणि शेवटची तारीख एवढंच तक्त्यात राहतं. जबाबदारी, सुरुवात आणि शेरा खाली, प्रत्येक कामासाठी दोन वाक्यांच्या परिच्छेदात जातात. एक्सेलमधून तक्ता थेट पेस्ट करू नये, कारण रकान्यांची पक्की रुंदी त्याच्यासोबत येते. शिवाय बरंच न दिसणारं स्टाइलिंगही येतं, आणि संदेश १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो मध्येच कापतं.

बुलेटची गोष्टही याच वळणाची आहे. आउटलुकमध्ये यादीचा समास वेगळा पडतो म्हणून अनेकांनी `<ul>` सोडून ‘•’ हाताने टाइप करायला सुरुवात केली. रुंद पडद्यावर मुद्दा एका ओळीत मावतो, तोवर हे खपतं. फोनवर त्याची दुसरी ओळ थेट डाव्या कडेला, ठिपक्याच्या खाली जाऊन बसते आणि पुढचा मुद्दा कुठे सुरू झाला ते शोधावं लागतं. खऱ्या यादीत समास थोडा कमीजास्त होईल, पण दुसरी ओळ मजकुराखालीच राहते.