इग्वाना किंवा स्लायडर घेताय? पैसे देण्याआधी फोटो तपासा

परदेशी सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांचे नोंदणीचे अर्ज परत येतात, त्यामागे बहुतेकदा एकच कारण असतं: अर्जातलं नाव एक आणि फोटोतला प्राणी दुसरा. ही चूक अर्ज भरताना होत नाही, प्राणी घेताना होते.

आधी नोंदणी कोणाला लागते ते पाहू. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती आहेत. त्यांतला जिवंत प्राणी ताब्यात असेल तर परिवेश २.० पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करावी लागते. शुल्क १,००० रुपये. हिरवा इग्वाना या यादीत आहे. बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा आणि रेड-इअर्ड स्लायडर हे कासव साइटिसमध्ये नाहीत, म्हणून त्यांना ही नोंदणी लागत नाही. दुकानदार हे अगदी बरोबर सांगतो. पण समोरचा प्राणी खरंच स्लायडर आहे का, हे मात्र तुम्हालाच बघावं लागतं.

सगळ्यात मोठा धोका कासवात आहे. डोळ्यामागे लाल पट्टा दिसला की लोक स्लायडर समजतात. पण आपल्याकडच्या नद्यांतल्या पांगशुरा जातीच्या कासवांच्या डोळ्यामागेही नारिंगी-लाल डाग असतो, मानेवर पिवळ्या रेघा असतात आणि पोटाकडच्या पिवळ्या ढालीवर काळे ठिपकेही असतात. समोरून किंवा खालून काढलेल्या फोटोत नवखा माणूस हमखास फसतो. म्हणून कासवाचा बाजूने, पाठीच्या उंचीला कॅमेरा धरून काढलेला फोटो मागा. स्लायडरची पाठ बाजूने पाहिली की गुळगुळीत, गोलसर दिसते. पिल्लाच्या पाठीवर फार तर मधोमध हलकीशी कड असते. पांगशुराची पाठ घराच्या छपरासारखी उतरती असते आणि मधल्या रांगेतल्या तिसऱ्या खवल्यावर मागे झुकलेलं टोक उठून दिसतं. असं टोक दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा. यांतलं पांगशुरा टेक्टा हे कासव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणात आहे. ते विकत घेणं आणि घरी ठेवणं हा गुन्हा आहे, त्याला किमान तीन वर्षांचा तुरुंगवास आहे, आणि 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही.

उलटंही होतं. वय वाढलेल्या नर स्लायडरचा रंग काळपट होतो आणि लाल पट्टा पुसट होत जातो. त्यामुळे पट्टा नाही म्हणजे स्लायडर नाही, असंही धरू नका. निर्णय पाठीच्या आकारावर करा.

इग्वानाची ओळख त्या मानाने सोपी आहे. डोक्याचा बाजूने फोटो घ्या आणि कानाच्या खाली, जबड्यावर बघा. हिरव्या इग्वानाला तिथे एक मोठा, गोल, चकतीसारखा खवला असतो, अगदी लहान पिल्लालासुद्धा. तो नसेल तर बऱ्याचदा तो चायनीज वॉटर ड्रॅगन निघतो. तोही हिरवाच, तोही पाठीवर काटे असलेला.

आता हेच अर्जात कसं अडतं ते बघा. समजा विक्रेत्याने इग्वाना म्हणून वॉटर ड्रॅगन दिला. तुम्ही अर्जात Iguana iguana लिहिलंत आणि फोटो जोडलात. तपासणाऱ्याला फोटोत चकती दिसत नाही आणि अर्जात त्रुटी निघते. आता नाव सुधारून Physignathus cocincinus लिहायचं, तर विक्रेत्याचं बिल इग्वानाचं. वॉटर ड्रॅगनही साइटिसमध्ये आहे, त्यामुळे नोंदणी टळत नाही. फक्त कागद आणि प्राणी एकमेकांशी जुळेनासे होतात. विक्रेता तोवर फोन उचलत नाही.

कायदेशीररीत्या मिळाल्याचा पुरावा हाच कागद बहुतेकांकडे नसतो. साधं बिल पुरेसं समजू नका. विक्रेत्याच्या नावावरचं नोंदणी प्रमाणपत्र पैसे देण्याआधी मागा, त्यातली प्रजाती आणि ओळखखुणा ताज्या फोटोशी ताडून बघा. मालकी बदलल्याचीही नोंद करावी लागते. ती कोण, कधी करणार हे आधीच ठरवा. प्रमाणपत्र 'नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

मुदतीचा घोळही नेहमीचाच. सहा महिन्यांची सवलत आधीपासून पाळत असलेल्यांना होती. २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम आले आणि ती त्याच वर्षी ऑगस्टअखेर संपली. आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवस मिळतात. बिल नंतर मिळालं म्हणून दिवस नंतर मोजायचे नाहीत. हे पोर्टलवर ठळक लिहायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

बिअर्डेड ड्रॅगनची ओळख फारशी अवघड नाही: चपटं रुंद अंग, तिकोनी डोकं आणि दोन्ही कुशींवर मऊ काट्यांची रांग.

घरी आणलेलं कासव पांगशुरा निघालं, तर ते तळ्यात सोडू नका आणि दुसऱ्याला देऊन मोकळेही होऊ नका. स्लायडरही कंटाळा आला म्हणून नदीत सोडू नका, तो स्थानिक कासवांच्या खाण्यावर आणि जागेवर हक्क सांगतो. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा आणि प्राणी त्यांच्या ताब्यात देताना लेखी पोच घ्या.