बार मित्स्वाचे प्रवचन

तेरा वर्षे पूर्ण झालेला ज्यू मुलगा धर्माज्ञांना स्वतः बांधील होतो; यालाच बार मित्स्वा म्हणतात. त्या वेळी सिनेगॉग या ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना उद्देशून केले जाणारे भाषण म्हणजे हे प्रवचन. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या शाआर हाशामाइम (स्थापना १८७९) या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठीभाषक ज्यूंच्या, सिनेगॉगमुळे हा विधी मराठी मुलखाला परका नाही. प्रार्थना हिब्रूत आणि बोलणे मराठीत, ही बेने इस्रायल समाजाची जुनी वहिवाट आहे.

प्रवचन मुळात कोणी करायचे, याबद्दल एकवाक्यता नाही. सोळाव्या शतकातील पोलंडचे पंडित श्लोमो लुरिया यांच्या मते, मेजवानी नेमक्या तेराव्या वाढदिवसाला नसली तरी मुलाने त्या वेळी धर्मविवेचन केले, तर ती धार्मिक भोजन ठरते. म्हणजे बोलणारा मुलगा होता आणि ऐकणारे वडीलधारे. धर्मगुरूने मुलाला उपदेश करण्याची आजची रीत बहुधा एकोणिसाव्या शतकात, जर्मनीतील सुधारणावादी सिनेगॉगांच्या प्रभावाने रूढ झाली असावी. कोकणातील बेने इस्रायलांच्या जुन्या चालींच्या वर्णनांत शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस, सुंता, शेमा ही प्रार्थना आणि आहारनियम ठळक आहेत, बार मित्स्वा तसा नाही. त्यामुळे बार मित्स्वाचे आजचे स्वरूप कोचीन व बगदादी ज्यूंशी संपर्क वाढल्यावर आले, हे मत अधिक पटते.

प्रवचनाचा कणा म्हणजे वडिलांनी म्हणायचे एक वाक्य : ‘याच्या शिक्षेतून ज्याने मला मोकळे केले, तो धन्य.’ ते ‘बेरेशित रब्बा’ या मिद्राशात, म्हणजे बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकावरील जुन्या भाष्यात, रब्बी एलाझार बेन शिमोन यांच्या नावे येते. तालमुद या प्रमाण धर्मशास्त्रग्रंथात ते नसल्यामुळे सोळाव्या शतकातील पंडित मोशे इस्सर्लेस यांनी ते देवाचे नाव न घेता म्हणावे असे सुचवले. पण शिक्षा कोणाची? अब्राहाम गोम्बिनर (सतरावे शतक) यांच्या मते, वळण लावण्यात कसूर झाली म्हणून मुलाच्या पापाचा दंड आजवर बापाला होता. मोर्देखाय याफे या दुसऱ्या पंडिताने उलट अर्थ लावला : बापाच्या पापाची झळ मुलाला लागत होती. वाक्यात ‘मला मोकळे केले’ असे असल्याने पहिला अर्थ सरळ बसतो. प्रवचनकाराला मात्र दोन्ही हवेत, कारण पहिल्यातून आईवडिलांशी बोलता येते आणि दुसऱ्यातून मुलाशी.

हे वाक्य मिद्राशात ज्या वचनावर आले आहे, ते तोरा या धर्मग्रंथाच्या ‘तोलेदोत’ या साप्ताहिक पाठातले आहे (उत्पत्ती २५:२७). तो पाठ साधारण नोव्हेंबरात येतो. त्या आठवड्यात बार मित्स्वा असेल तर प्रवचनाची मांडणी आयती मिळते. एसाव आणि याकोब हे इसहाक आणि रिबेका यांचे जुळे मुलगे. मिद्राश म्हणते की तेरा वर्षे दोघे एकाच शाळेत गेले आणि मग वाटा फुटल्या. सुगंधी हदस आणि काटेरी झुडूप शेजारी वाढतात तेव्हा ओळखू येत नाहीत, मोठी झाल्यावर एक वास देते, दुसरे बोचते. मुलाला सांगायचे ते इथे : ‘बाळ, आजवर तुझं वागणं आमच्या खाती होतं. आता तुझी वाट तूच निवडायची.’ मग आईवडिलांकडे वळायचे, ‘तुम्ही दोघं’ म्हणून. लगेचच्या ओवीत इसहाकाला शिकारीपायी एसाव आवडतो आणि रिबेकाला याकोब. घर एक, पण आईबापांची माया वाटली गेलेली. पुढे याकोबाने एसावचा आशीर्वाद कपटाने मिळवला, त्याचे बीज तिथेच पेरले गेले. तरबेज वक्ता ही ओवी गाळत नाही.

प्रवचन फसते ते बहुधा ‘तुमची जबाबदारी संपली’ या वाक्यापाशी. धर्मशास्त्रात सुटका होते ती फक्त दंडातून. मुलाला खडसावण्याचे कर्तव्य बापावर राहतेच, असे ‘मिश्ना ब्रुरा’ हा धर्मनियमांवरील भाष्यग्रंथ स्पष्ट सांगतो, आणि भारतीय कायद्यानेही मुलगा अठरापर्यंत अज्ञानच असतो. दुसरी उणीव आईची. वाक्य वडिलांनी म्हणायचे, त्यामुळे भाषणही त्यांच्याकडेच झुकते. त्यावर नीतिसूत्रांतील पहिला अध्याय कामी येतो; तिथे बापाच्या बोधाबरोबर आईची शिकवणही जपायला सांगितले आहे.

वेळही पाहावी लागते. शनिवारी शब्बाथ असल्याने नियमाने ध्वनिवर्धक चालत नाही आणि तेफिलीन, म्हणजे प्रार्थनेवेळी हाताला व कपाळाला बांधायच्या धर्मवचनांच्या चामडी पेट्याही, बांधत नाहीत. स्त्रिया वेगळ्या बसतात, त्यामुळे हळू आवाजातले प्रवचन नेमके आईलाच ऐकू जात नाही. सोमवारी आणि गुरुवारीही तोरावाचन असते, म्हणून काही घरे तो दिवस धरतात : मुलगा तेफिलीन बांधतो, तोरापुढे बोलावला जातो आणि सेफर, म्हणजे तोराची गुंडाळी, हेखाल या पवित्र कपाटात परत ठेवल्यावर प्रवचन होते. भाषण आटोपशीर ठेवतात, कारण पुढे बऱ्याच घरी एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा असतो.

मुलींचा विधी, बात मित्स्वा, बारा वर्षे पूर्ण झाल्यावर असतो. सिनेगॉगमधील जाहीर विधीचे प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण १९२२ मधील न्यूयॉर्कचे आहे.