पीआयपी म्हणजे नोकरी गेलीच का?

“पीआयपी हातात पडला म्हणजे नोकरी गेलीच, कागद फक्त नावापुरता असतो, हे खरं का?”

पीआयपी म्हणजे ठरावीक मुदतीत काम सुधारण्यासाठी कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेली लेखी योजना. ती मिळाली की नोकरी गेलीच, हे सरसकट खरे नाही, मात्र काही कागद निव्वळ फाइल भरण्यासाठीच लिहिलेले असतात, आणि तो फरक साहेबांच्या गोड किंवा कडक बोलण्यावरून नव्हे, तर उद्दिष्टांच्या शब्दरचनेवरून ओळखावा.

ग्राहकसेवेतील एका कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. ‘तक्रारीला पहिले उत्तर देण्याचा सरासरी वेळ 60 दिवसांत 9 तासांवरून 5 तासांवर आणावा, दर सोमवारी आढावा होईल’ असे लिहिले असेल आणि संघातील इतरांचा वेळही 5 तासांच्या आसपास असेल, तर संधी बहुधा खरी आहे. उलट ‘कामाबद्दल आपलेपणा वाढवावा’ असे मोघम वाक्य असेल, किंवा जे दुसऱ्या विभागाच्या मंजुरीवर अडते तेच उद्दिष्ट दिले असेल, तर यश मोजण्याची किंवा गाठण्याची सोयच ठेवलेली नाही असे समजावे.

तरीही मसुदा चांगला असणे पुरेसे नाही. दुसऱ्या आठवड्यातच आढावा बैठका रद्द होऊ लागल्या, हातातील ग्राहक मुकाट्याने दुसऱ्याकडे गेले, किंवा 5 तास गाठल्यावर अचानक ‘भाषा’ हा नवा मुद्दा निघाला, तर निर्णय आधीच झालेला असण्याची शक्यता मोठी. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर ठरलेले मुद्दे आणि आकडे त्याच दिवशी ईमेलने कळवावेत. उत्तर न येणे हीसुद्धा एक माहितीच असते. दुसरीकडे अर्ज करणे मात्र पहिल्या दिवसापासून सुरू ठेवावे.