मण्यारीची रात्र

आमच्याकडे साप चावला असं सरळ कुणी म्हणत नाही, ‘पान लागलं’ म्हणतात. पण मण्यारीचं पान लागलंय हे कित्येकदा कळतच नाही, आणि बहुतेक माणसं त्यामुळेच दगावतात.

एक प्रसंग कल्पून पाहा. भाद्रपदातली रात्र. जमिनीवर झोपलेल्या बारा वर्षांच्या मुलाला दोनच्या सुमारास दंडाला काहीतरी टोचलं. मुंगी असेल म्हणून तो कूस बदलून झोपला. तीनला पोटात कळा आल्या, उलटी झाली. आईने ओवा दिला. पाचला दिवा लावून पाहिलं तर पोराच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आवाज नाकातून येतोय, तोंडातली लाळ गिळता येत नाही. दंडावर ना सूज, ना रक्त. मण्यारीचे दात बारीक असतात, त्यामुळे खूण सापडेलच असं नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पहाटे पोटात दुखू लागलं आणि पापण्या जड झाल्या, तर आधी मण्यारीचा संशय घ्यावा.

विषाचं काम साधं आणि भयंकर आहे. मेंदूचा निरोप नसेच्या टोकापासून स्नायूपर्यंत एका रसायनातून पोचतो. मण्यारीचं विष त्या टोकात शिरतं, साठवलेलं रसायन संपवून टाकतं आणि मग टोकच निकामी करतं. आधी पापण्यांचे स्नायू लुळे पडतात, मग घशाचे, शेवटी श्वासाचे.

आता या मुलाला मांत्रिकाकडे नेलं तर काय होतं ते पाहू. विष उतरलं की नाही हे बघायला कडुलिंबाचा पाला चघळायला देतात. गिळता न येणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत तो पाला आणि लाळ जाते, आणि विषाआधीच गुदमरायला होतं. चिरा देऊन रक्त काढलं तरी विष हाती लागत नाही, कारण ते मांसात खोल जाऊन पसरलेलं असतं. तीच चीर घोणस किंवा फुरसं चावलेल्याला दिली, तर गोठण्याची ताकद गेलेलं रक्त थांबता थांबत नाही. जखमेला कोंबड्या लावतात, त्या एकामागून एक मरतात, आणि विष त्यांनी ओढून घेतलं असं लोकांना वाटतं. खरं तर त्या दाबून धरल्यामुळे मरतात.

तरीही मांत्रिकाकडून माणसं बरी होऊन येतात, हे खोटं नाही. धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी सापही चावतात, आणि विषारी साप कधी कधी विष न सोडताच चावतो. ती माणसं घरी बसूनही बरीच झाली असती. मला राग येतो तो मंत्राचा नाही, त्यात गेलेल्या दोन तासांचा. प्रतिसर्पविष रक्तात फिरणारं विष निष्प्रभ करतं, पण एकदा नसेची टोकं निकामी झाली की ती त्याने जागेवर येत नाहीत.

म्हणून दवाखान्यापर्यंत करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. मुलाला चालू द्यायचं नाही. चालताना स्नायू आवळले जातात आणि विष वेगाने पसरतं. चावलेला हात फळी किंवा जाड पुठ्ठा लावून, हाड मोडल्यावर बांधतात तसा सैलसर बांधायचा. सूज आली तर रुतेल म्हणून अंगठी, कडं, करदोडा आधीच काढायचा. लाळ बाहेर पडावी म्हणून कुशीवर झोपवायचं आणि तोंडाने काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. १०८ ला फोन करायचा. गाडी मिळाली तर वाट न बघता निघायचं, मात्र वाटेतूनच फोन करून प्रतिसर्पविष आणि श्वास देण्याची सोय आहे का हे विचारून घ्यायचं. साप शोधायला किंवा मारायला जायचं नाही. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहायचं.

दोरी करकचून आवळायची नाही. रक्तपुरवठा बंद पडून हात गमवावा लागतो. कुणी आधीच आवळली असेल तर वाटेत सोडू नका. ती एकदम सोडली की अडलेलं विष एका दमात अंगात जाऊन श्वास बंद पडू शकतो. ती डॉक्टरांसमोर, तयारीनिशी सोडली जाते.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य ‘पोटात दुखतंय’ हे नको. ‘जमिनीवर झोपला होता, तीनला उलटी झाली, पाचला पापण्या पडल्या’ असं वेळेसकट सांगा. त्यावरच डॉक्टर मण्यार ओळखतात. प्रतिसर्पविषाची सुरुवात साधारण १० कुप्यांनी होते आणि लहान मुलालाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेलं विष मुलासाठी कमी होत नाही.

त्यानंतरही काही जणांना कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. पोर हलत नाही, डोळे उघडत नाही, बुबुळंही उजेडाला दाद देत नाहीत. नातेवाईक म्हणतात, संपलं, घरी न्या. नेऊ नका. पापणी उचलायची ताकद नसते, पण आत ते पोर जागं असतं आणि खाटेपाशी चाललेलं बोलणं ऐकत असतं. नसांची टोकं नव्याने फुटू लागली की आधी बोट हलतं, मग पापणी.