जोशपूर्ण भाषण म्हणजे परिवर्तनात्मक नेतृत्व?

‘जोशात बोलून टीमला पेटवतो तो परिवर्तनात्मक नेता, शांतपणे काम करून घेतो तो व्यवहारात्मक,’ असा एक समज असतो.

बोलण्याच्या ढंगावरून हे ठरत नाही. माणसं काम कशासाठी करतात, ते पाहावं लागतं. बक्षीस-शिक्षेच्या देवाणघेवाणीवर काम चालत असेल तर नेतृत्व व्यवहारात्मक; माणसाची विचार करण्याची पद्धत आणि कुवतच बदलत असेल तर परिवर्तनात्मक. समजा, एका साहेबांचं वर्णन असं आहे: ‘साहेब रोज सकाळी दणदणीत भाषण करतात. महिन्यात ५० पॉलिसी विकेल त्याला गोव्याची सहल, कमी विकेल त्याचा इन्सेन्टिव्ह बंद.’ यातली सहल आणि इन्सेन्टिव्ह खोडा. काम करायला उरलेलं कारण काय? काहीच नाही. म्हणजे भाषण कितीही गाजो, नेतृत्व व्यवहारात्मकच. फक्त चूक झाली की हजर होणारा साहेबही याच गटात येतो.

आता दुसरं: ‘वर्कशॉपच्या सुपरवायझर मितभाषी आहेत. माल वारंवार रिजेक्ट का होतो, याचा शोध त्यांनी कामगारांवरच सोपवला. नवख्याला जमेल तशी जबाबदारी वाढवत नेली.’ इथे बक्षीस नाहीच. माणसाची विचार करण्याची पद्धत आणि कुवत बदलतेय. हे परिवर्तनात्मक.

अर्थात, एकच माणूस दोन्ही करू शकतो. पगार, टार्गेट यांची घडी नीट बसलेली नसेल, तर नुसत्या ध्येयाच्या गोष्टी फार काळ चालत नाहीत. त्यामुळे दोन ओळींचं वर्णन त्या प्रसंगातली पद्धत सांगतं, माणसाचा स्वभाव नव्हे.