हाऊस बिल तुमचं, मास्टर बिल त्यांचं

म्हापशाहून किंवा फोंड्याहून दोन-चार खोकी परदेशी पाठवणाऱ्यांचा पहिला घाबरलेला फोन ठरलेला असतो: ‘विमान कंपनीच्या बिलावर माझं नावच नाही!’ नसतंच. ते असायलाही नको.

कन्सोलिडेटर चार-पाच जणांचा माल एकत्र करून विमान कंपनीकडे एकच खेप म्हणून देतो. त्या खेपेचं मास्टर एअर वेबिल निघतं. त्यावर पाठवणारा म्हणून कन्सोलिडेटर आणि घेणारा म्हणून पलीकडच्या गावातला त्याचा एजंट असतो. मालाच्या रकान्यात ‘एकत्रित माल, सोबतच्या यादीप्रमाणे’ एवढंच लिहितात. तुमचं नाव, तुमच्या गिऱ्हाइकाचं नाव आणि मालाचं खरं वर्णन असतं ते हाऊस एअर वेबिलावर. ते कन्सोलिडेटर स्वतः प्रत्येकाला वेगळं देतो. विमान कंपनीशी करार त्याचा, तुमचा करार त्याच्याशी. म्हणूनच विमान कंपनीच्या संकेतस्थळावर हाऊस नंबर टाकून माल शोधू नका, तिथे फक्त मास्टर नंबर चालतो.

एक उदाहरण घेऊ. म्हापशाच्या एका बाईंची अझुलेजू टाइल्सची ३ खोकी, प्रत्येकी ४०×४०×२५ सेंमी, एकूण वजन ६० किलो. फोंड्याच्या एकाचे बांबूचे दिवे: ४ खोकी, प्रत्येकी ६०×५०×५० सेंमी, वजन फक्त ३० किलो. हवाई भाड्यात लांबी, रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराला ६००० ने भागून आकाराचं वजन काढतात. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर भाडं. टाइल्सचं आकारवजन २० किलोच येतं, म्हणून भाडं ६० वर. दिव्यांचं १०० येतं, म्हणून भाडं १०० वर. दोघांची हाऊस बिलं मिळून १६० किलोंची झाली. मास्टरवर मात्र ७ खोकी, खरं वजन ९०, आकारवजन १२०, म्हणजे भाडं १२० वर. मधले ४० किलो हा कन्सोलिडेटरचा धंदा. त्यात गैर काही नाही, पण दर ठरवताना हे ठाऊक असलेलं बरं.

आयईसी, जीएसटी, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बहुतेकांकडे असतात. अडतं ते एडी कोडवर, म्हणजे तुमच्या बँकेच्या परकीय चलन शाखेच्या कोडवर. गोव्याचा माल पुष्कळदा ट्रकने मुंबईच्या सहार कार्गोला जातो आणि तिथूनच उडतो. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा निर्यातीचा कागद, कुठे दाखल होणार हे कन्सोलिडेटरला आधीच विचारा. त्या ठाण्यासाठी तुमचा एडी कोड आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, दिसतो का, ते माल बांधण्यापूर्वीच बघा. सहारला ट्रक उभा आणि इकडे एडी कोडचं बँकेचं पत्र नाही, हा तमाशा मी बऱ्याचदा पाहिला आहे.

दुसरी अडचण परताव्याची. माल उडाल्यावर विमान कंपनी कस्टम्सकडे निर्यात यादी, म्हणजे ईजीएम भरते. त्या यादीतला मास्टर नंबर आणि खोक्यांची संख्या शिपिंग बिलाशी जुळली, तरच ड्रॉबॅक किंवा आयजीएसटीचा परतावा पुढे सरकतो. समजा दिव्यांचं एक खोकं मागे राहिलं. मास्टर ६ खोक्यांचं झालं, पण शिपिंग बिल ४ चंच राहिलं, तर दिवेवाल्याचा परतावा अडकतो आणि कुणी आपणहून कळवतही नाही. माल गेल्यावर आठवड्याभरात आइसगेटवर ईजीएमची स्थिती पाहा. चूक शिपिंग बिलात असेल तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्ती तुम्ही मागायची. चूक ईजीएममध्ये असेल तर विमान कंपनीने दुरुस्त करायची, म्हणजे कन्सोलिडेटरच्या मागे लागायचं. टेबलं बदलत फिरण्याआधी चूक कुठल्या कागदात आहे तेवढं नक्की करा.

मास्टर नंबर नीट उतरवला का, हे घरबसल्या तपासता येतं. पहिले तीन आकडे विमान कंपनीचे (एअर इंडियाचे ०९८), मग सात आकडे क्रमांकाचे, शेवटचा तपासणीचा. सात आकड्यांच्या संख्येला ७ ने भागल्यावर जी बाकी उरते तोच शेवटचा आकडा. १२३४५६७ ला बाकी ५, म्हणून १२३४५६७५. शेवटी ७, ८ किंवा ९ दिसला तर नंबर चुकलाच आहे.

व्यवहार एलसीवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेच्या हमीपत्रावर, असेल तर एलसी आधी वाचा, सामान दिल्यावर नव्हे. ‘हाऊस एअर वेबिल चालणार नाही’ हे वाक्य तिथे कधी कधी असतं आणि लोकांना ते बँकेने कागद परत केल्यावर दिसतं. मग दोनच वाटा: गिऱ्हाइकाकडून एलसीत बदल करून घ्या, किंवा एकत्र न पाठवता स्वतःच्या नावाने थेट बिल काढा, भाडं जास्त पडलं तरी. अट नसली तरी हाऊस बिलावर विमान कंपनीचं नाव आणि ‘कंपनीचा एजंट म्हणून’ अशी सही आहे का, ते पाहा. नुसता कन्सोलिडेटरचा शिक्का बँक नाकारू शकते.

आणि एअर वेबिल हा मालाचा मालकी हक्क देणारा कागद नाही. त्यावर घेणारा म्हणून ज्याचं नाव, त्याला माल मिळतो, मग पैसे आले असोत वा नसोत. पैसे बँकेमार्फत यायचे असतील तर तिकडच्या बँकेला आधी विचारून हाऊस बिलावर घेणारा म्हणून तिचंच नाव घाला.