मोबाइलच्या बॅटरीतून लिथियम धातू का गेला, आणि उन्हाळ्यात ती लवकर का खंगते

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पावसाळा लागेपर्यंत कित्येकांच्या तोंडी एकच तक्रार असते: फोन पूर्वी दिवसभर चालायचा, आता दुपारीच मान टाकतो. बॅटरीत नेमके काय संपते हे समजायला थोडे मागे जावे लागते.

१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन कंपनीत अशी बॅटरी केली, जिच्या एका बाजूला लिथियम धातू होता आणि दुसरीकडे टायटॅनियम डायसल्फाइड. या दुसऱ्या पदार्थाच्या थरांमध्ये लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, शिरत आणि पुन्हा बाहेर येत. अडचण धातूच्या बाजूला होती. चार्ज करताना परत आलेले लिथियम सपाट बसत नसे. त्याच्या सुईसारख्या फांद्या वाढत. अशी फांदी मधला पडदा भेदून पलीकडे टेकली की आतल्या आत शॉर्टसर्किट होई आणि आग लागे. १९८९ मध्ये लिथियम धातूच्या अशाच बॅटऱ्यांनी जपानमध्ये मोबाइल फोनमध्ये पेट घेतला आणि त्या परत मागवाव्या लागल्या.

तोपर्यंत दुसरा रस्ता सापडलेला होता. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरले. त्याने सुमारे ४ व्होल्ट तर दिलेच, शिवाय लिथियम त्यातच भरलेले होते. म्हणजे समोरच्या बाजूला धातू ठेवायची गरजच उरली नाही. आयनांना उतरायला जागा मिळाली की पुरे. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ती जागा कार्बनने दिली. १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली, आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कारखान्यातून बॅटरी रिकामी तयार होते ती यामुळेच. सगळे लिथियम आधी कोबाल्टच्या बाजूला असते आणि पहिल्या चार्जिंगला ते प्रथमच पलीकडे जाते.

चार्जर लावला की आयन कोबाल्ट ऑक्साइडमधून निघून इलेक्ट्रोलाइट या द्रावातून, सच्छिद्र पडद्यापलीकडे, ग्रॅफाइटच्या, म्हणजे कार्बनच्या, थरांत जाऊन बसतात. दर सहा कार्बन अणूंमागे एका लिथियमला जागा असते. इलेक्ट्रॉनांना मात्र इलेक्ट्रोलाइटमधून वाट नाही. ते बाहेरून, तारेतून जातात. फोन वापरताना दोघेही उलटे फिरतात, आणि तारेतून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर आपला स्क्रीन चालतो. मागावरचा धोटा जसा या काठापासून त्या काठापर्यंत जातो-येतो, तशीच ही ये-जा. ५००० एमएएचच्या बॅटरीत एका पूर्ण फेरीत फक्त १.३ ग्रॅम लिथियम हलते.

या १.३ ग्रॅमपैकी थोडे थोडे वाटेत अडकते, हेच बॅटरीचे म्हातारपण. पहिल्या चार्जिंगला ग्रॅफाइटवर इलेक्ट्रोलाइटचा थोडा भाग मोडून एक पातळ थर जमतो. तो आयनांना जाऊ देतो, इलेक्ट्रॉनांना अडवतो. हा थर नसता तर इलेक्ट्रोलाइट मोडतच राहिले असते, म्हणून तो हवाच. पण तो पुढेही हळूहळू जाड होत राहतो आणि दर वेळी थोडे लिथियम कायमचे धरून ठेवतो. सगळी घट याचीच धरली, तर ८० टक्के क्षमता उरली याचा अर्थ सुमारे पाव ग्रॅम लिथियम फेरीतून बाद झाले.

थर जाड होण्याचा वेग उष्णता वाढवते, आणि बॅटरी भरलेली असेल तर आणखी. यावल-रावेरकडे केळीच्या मळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये चार्जरला लावून ठेवलेला, शंभर टक्के भरलेला फोन ही दोन्ही कारणे एकत्र आणतो. अनेक फोनच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी ० ते ३५ अंशांची मर्यादा दिलेली असते. आपल्याकडे ती नुसत्या सावलीतच ओलांडली जाते. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा, जाड कव्हर काढून, थंड फरशीवर करावे. दुचाकीच्या हँडलवर उन्हात लावलेल्या फोनला त्याच वेळी चार्जिंग देऊ नये. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती मे महिन्यात तरी चालू ठेवावी.

शेवटचे २० टक्के हळू भरतात तो चार्जरचा दोष नाही. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेला पोचले की फोन करंट उतरवत नेतो. ग्रॅफाइटमधल्या जागा भरत आलेल्या असताना आयन रेटून पाठवले, तर ते आत न शिरता वरच धातू होऊन साचतात, म्हणजे जुनीच अडचण परत येते. स्वस्त, बिगर-ब्रँड बॅटरीत जादा चार्जिंग रोखणारे सर्किट कच्चे असू शकते, आणि खरा धोका तिथे आहे.

नवा फोन आधी आठ तास चार्ज करा, पूर्ण उतरवूनच पुन्हा लावा, हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. त्यांना अर्धवट चार्जिंगची सवय लागे. लिथियमला ती लागत नाही, उलट शून्यापर्यंत उतरवल्याने ताणच पडतो. अधूनमधून थोडे थोडे चार्ज केले तरी चालते.

फोनचे मागचे झाकण उचलले गेले, स्क्रीनच्या कडेला फट पडली, तर आत इलेक्ट्रोलाइट मोडून वायू तयार झाला आहे. अशी फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचून हवा काढू नये, चार्जरला तर अजिबात लावू नये. फोन बंद करून, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी बदलून घ्यावी.